फिफ्थ व्हील ‘खट्’ वाजलं म्हणजे लागलंच असं नाही

प्रश्न: दोन जुने चाळीस फुटी कंटेनर ट्रेलर घेतलेत, ते ओढणारे घोडे, म्हणजे कॅबिन-इंजिनाच्या गाड्या, तीन आहेत. परवा यार्डात एक भरलेला ट्रेलर दुसऱ्या घोड्याला लावला. ‘खट्’ असा आवाज आला, ड्रायव्हरने थोडं पुढे ओढूनही पाहिलं. गेटजवळच्या गतिरोधकावर ट्रेलर सुटला आणि घोड्याच्या चॅसीवर आदळला. कुलूप लागलेलं असताना किंगपिन सुटते कशी? ही जोडणी नक्की चालते कशी आणि ती लागली हे ओळखायचं कसं?

उत्तर:

कुलूप लागून सुटलं असं मला वाटत नाही. ते बहुधा नीट लागलंच नव्हतं. ट्रेलरचं तोंड त्या घोड्याच्या मानाने उंच राहिलं असणार, आणि घोड्यावरच्या फिफ्थ व्हीलमधल्या जबड्याने किंगपिनची, म्हणजे ट्रेलरखालच्या जाड खुंटीची, मान धरायच्या ऐवजी तिच्या तळाची कड धरली असणार, हा माझा पहिला संशय. न्हावा शेव्याच्या पट्ट्यात घोडे-ट्रेलर बदलून चालवणाऱ्यांकडे सुटलेल्या ट्रेलरच्या ज्या तक्रारी येतात, त्यांत हे कारण वरचेवर निघतं. दुसरी शक्यताही आहे, ती पुढे सांगतो. दोन्हींच्या खुणा लोखंडावर वेगवेगळ्या उमटतात, त्यामुळे अंदाजावर राहायची गरज नाही.

आधी भार कुठे जातो ते पाहू. ट्रेलरच्या पुढच्या भागाचं वजन किंगपिनवर नसतं. ते ट्रेलरखालच्या सपाट प्लेटमधून घोड्यावरच्या फिफ्थ व्हीलच्या प्लेटवर उतरतं. दोन प्लेटा एकमेकींवर बसतात, मध्ये ग्रीस असतं आणि वळताना वरची खालचीवर सरकत फिरते. किंगपिनला फक्त आडवं काम आहे: घोडा पुढे गेला की ओढ घ्यायची, ब्रेक लागला की मागून येणारा रेटा घ्यायचा. फिफ्थ व्हीलची प्लेट दोन्ही बाजूंच्या ब्रॅकेटवर बिजागरीसारखी बसवलेली असते, म्हणून ती पुढे-मागे झुकते आणि उतार-चढावावर घोडा आणि ट्रेलर यांच्यात कोन पडू शकतो. डावी-उजवीकडे मात्र ती जवळजवळ झुकत नाही. त्यामुळे ट्रेलर एका अंगाला कलायला लागला तर घोड्याची चॅसी त्याला सावरते, आणि सावरता आलं नाही तर घोडाही सोबत आडवा होतो.

या मांडणीचा एक परिणाम फारसा कुणी लक्षात घेत नाही. वजन प्लेटवर असल्यामुळे कुलूप अजिबात न लागलेला ट्रेलरसुद्धा काही अंतर घोड्यामागे मुकाट्याने येऊ शकतो. दोन ॲक्सलचा घोडा आणि तीन ॲक्सलचा ट्रेलर अशी जोडी घ्या. २०१८ साली वाढवलेल्या ॲक्सल मर्यादेनुसार पुढच्या ॲक्सलवर ७ टन, घोड्याच्या मागच्यावर ११.५ टन आणि ट्रेलरच्या तिन्हींवर मिळून २७ टन, म्हणजे एकूण ४५.५ टन. घोड्याचं स्वतःचं वजन ७ टनांच्या आसपास धरलं तर फिफ्थ व्हीलवर साधारण ११.५ टन येतात आणि ट्रेलर मालासकट ३८.५ टनांचा होतो. ग्रीस लावलेल्या पोलादावर पोलाद सरकवायला त्यावरच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढा जोर लागतो असं धरा, म्हणजे सव्वा टनाच्या आतबाहेर. उलट, सपाट डांबरावर ३८.५ टनांचा ट्रेलर नुसता हळू ओढत ठेवायला चार-पाचशे किलोंची ओढ पुरते. म्हणजे यार्डातल्या सपाट काँक्रीटवर, हलक्या पायाने गाडी काढली, तर ट्रेलर निव्वळ प्लेटांच्या घर्षणावर मागे येतो. चढ, जोराचा पिकअप किंवा गतिरोधक आला की उघडं पडतं.

म्हणूनच ‘थोडं पुढे ओढून पाहिलं’ या वाक्याला किंमत द्यायची की नाही, हे ट्रेलरचे ब्रेक तेव्हा धरलेले होते का यावर ठरतं. ब्रेक मोकळे असताना ओढून पाहणं म्हणजे काहीच न पाहणं. जुन्या ट्रेलरबाबत इथे आणखी फसगत होते. ट्रेलरला हवा पुरवणारा लाल पाइप काढलेला असला की ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात, या भरवशावर ड्रायव्हर पाइप न जोडताच ओढून बघतो. पण ट्रेलरला स्प्रिंग ब्रेक नसतील तर तो ब्रेक टाकीतल्या हवेवर धरलेला असतो. ट्रेलर दोन दिवस उभा राहिला, हवा उतरली, की ब्रेक सैल पडतो. मग ओढलं की ट्रेलर निमूट पुढे येतो आणि ड्रायव्हर म्हणतो, ‘लागलं बघा.’

आता किंगपिन जवळून पाहा. आपल्याकडच्या कंटेनर ट्रेलरला सहसा दोन इंची पिन असते. ती ट्रेलरच्या प्लेटखाली साधारण ८४ मिमी बाहेर येते आणि तिचे उभ्यात तीन भाग पडतात. वर खांदा, त्याचा व्यास ७३ मिमी. मध्ये बारीक मान, व्यास ५०.८ मिमी, हेच ते दोन इंच. आणि खाली पुन्हा रुंद कड, ७१ मिमीच्या जवळपास. मान उंचीला जेमतेम साडेतीन सेंटिमीटर आहे, आणि जबड्याने धरायची जागा फक्त तीच. खालची कड तिथे आहे ती जबडा लागल्यावर पिन वर निसटू नये म्हणून.

फिफ्थ व्हीलच्या बाजूला मागून उघडी, इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच असते. पिन या खाचेतून आत येते. आपल्याकडे जास्त दिसणाऱ्या प्रकारात आत एक आकड्यासारखा जबडा असतो, तो एका खुंटीवर फिरतो. उघडा असताना त्याचं तोंड मागे, पिनकडे असतं. पिन आत येऊन त्याच्या आतल्या गालावर आदळली की जबडा फिरतो आणि पिनेच्या मानेला वेढा घालतो. त्याच क्षणी स्प्रिंग एक जाड अडसर खेचून जबड्याच्या पाठीमागे आणते. आता जबडा उलटा फिरू शकत नाही, कारण पाठीशी अडसर आहे. बाजूला बाहेर येणारं हँडल या अडसरालाच जोडलेलं असतं, म्हणून अडसर पूर्ण बसला की हँडलही पूर्ण आत जातं. ‘खट्’ आवाज येतो तो अडसर सरकल्याचा. तो आवाज एवढंच सांगतो की स्प्रिंग सुटली आणि काहीतरी हललं. जबड्याच्या आत मान आहे की कड, हे त्या आवाजाला ठाऊक नसतं. काही मेकच्या फिफ्थ व्हीलमध्ये एकाऐवजी दोन जबडे असतात किंवा जबड्याला पाचर असते, पण मान धरायची आणि मागे अडसर लावायचा ही युक्ती सगळीकडे तीच.

उंची चुकली की काय होतं ते आता सहज समजेल. ट्रेलरची प्लेट फिफ्थ व्हीलच्या प्लेटवर टेकलेली असेल तर मान बरोबर जबड्यासमोर येते. ट्रेलर चार सेंटिमीटर वर असेल तर जबड्यासमोर मान नसते, तिथे किंवा त्याच्या वरच्या काठाशी तळाची कड येते. ती कडसुद्धा जबड्याला ढकलते, जबडा फिरतो, आवाज येतो. पण ७१ मिमीच्या कडेवर ५१ मिमीचा जबडा पूर्ण मिटत नाही, किंवा तो कडेच्या खाली मिटतो आणि पिन त्याच्यावर नुसती टेकून राहते. अशा वेळी ब्रेक धरून ओढलं तरी कधी कधी कड अडते आणि ओढ पास होते. मग गतिरोधक येतो, घोड्याचं मागचं अंग खाली जातं, ट्रेलरचं तोंड क्षणभर हलकं होतं आणि पिन वरून मोकळी. ट्रेलर याहून जास्त वर असेल तर पिन जबड्याला शिवतही नाही. वरून पुढे जाते आणि ट्रेलर कॅबिनच्या मागच्या बाजूवर आदळायची वेळ येते.

हे तुमच्याकडेच का झालं असेल? कारण तीन घोडे आहेत. आपल्याकडे बहुतेक मालक घोडा आणि ट्रेलर वर्षानुवर्षं एकाच जोडीत चालवतात, महिनोन्‌महिने सोडतच नाहीत. त्या जोडीत उंचीचा प्रश्न येत नाही. तो येतो घोडा बदलला की.

आकडे घालून पाहा. समजा पहिल्या घोड्याच्या फिफ्थ व्हीलची प्लेट रिकाम्या अवस्थेत जमिनीपासून १२४० मिमीवर आहे आणि भार आल्यावर स्प्रिंगचे पाटे दबून ती ११९५ वर येते. ट्रेलर सोडताना जॅक, म्हणजे ट्रेलरचे पुढचे पाय, जमिनीला नुसते टेकवले, तर ट्रेलरची प्लेट ११९५ वर थांबते. घोडा बाहेर निघाला की त्याचे पाटे मोकळे होऊन प्लेट पुन्हा १२४० वर जाते. तोच घोडा परत आला तर ट्रेलर त्याच्यापेक्षा ४५ मिमी खाली सापडतो. हेच हवं असतं. फिफ्थ व्हीलच्या प्लेटची मागची बाजू उतरती असते, घोडा आत शिरताना ट्रेलरचं तोंड त्या उतारावर चढतं, घोडा त्याला उचलत उचलत आत जातो आणि दोन्ही प्लेटा घट्ट टेकलेल्या असतानाच पिन जबड्यात पोचते. साधारण नियम असा की ट्रेलरची प्लेट फिफ्थ व्हीलच्या बरोबरीने किंवा जास्तीत जास्त ५० मिमी खाली असावी.

आता ड्रायव्हरची सवय पाहा. भरलेल्या ट्रेलरखालून घोडा काढताना प्लेटा घासतात, गाडी जड जाते, हँडल घट्ट बसतं. म्हणून जॅक टेकल्यावर तो आणखी फिरवतो, ट्रेलर उचलून घोड्याचे पाटे मोकळे करतो आणि मग घोडा अलगद काढतो. काढायला सोपं जातं, पण ट्रेलर आता १२४० वर उभा राहिला. दुसऱ्या दिवशी दुसरा घोडा येतो. त्याचे पाटे जुने, बसलेले, टायर दुसऱ्या मापाचे, फिफ्थ व्हीलखालचा चौथरा कमी उंचीचा; त्याची प्लेट रिकाम्या अवस्थेतच ११९० वर. फरक ५० मिमी, आणि तोही उलट्या दिशेने. पिन मानेवर धरली जाणं आता शक्यच नाही.

ट्रेलर कमी उंचीवर असणंही वाईट, पण ते लपत नाही. घोडा ट्रेलरच्या पुढच्या काठावर आदळतो, ट्रेलर मागे रेटला जातो, जॅकचे पाय वाकतात. ड्रायव्हर लगेच उतरून बघतो. उंच ट्रेलर काहीच तक्रार न करता आत जातो, म्हणून तो जास्त धोक्याचा. पावसाळ्यात मुरुमाच्या यार्डात एक जॅक चिखलात रुतून ट्रेलर तिरका होतो, तेव्हा एका बाजूला फट आणि दुसऱ्या बाजूला प्लेट टेकलेली असाही प्रकार दिसतो. जॅकखाली जाड फळी टाकायची ती यासाठीच.

दुसरी शक्यता अर्धवट अडसराची. जुन्या फिफ्थ व्हीलमध्ये वर्षानुवर्षांचं ग्रीस, त्यात बसलेली धूळ आणि रेती यांचा दगडासारखा थर होतो. स्प्रिंग थकलेली किंवा तुटलेली असते. जबडा फिरतो, मान बरोबर धरतो, पण अडसर पाऊण मार्गावर अडकतो. आवाज येतो, हँडल बोटभर बाहेर राहतं. धक्क्यांनी अडसर मागे सरकला की जबड्याला पाठबळ उरत नाही.

दोन्हींतलं काय झालं हे आज संध्याकाळी तुम्हीच पाहू शकाल. किंगपिन आणि जबडा चिंधीने आणि डिझेलने स्वच्छ करा. ट्रेलर उंच राहिला असेल तर किंगपिनच्या तळाच्या कडेखाली किंवा काठावर ताजा, चकचकीत, चंद्रकोरीसारखा ओरखडा दिसेल, आणि त्याला जुळणारा ओरखडा जबड्याच्या वरच्या पृष्ठभागावर असेल. मान मात्र जुनी, एकसारखी घासलेली दिसेल. अडसराचा दोष असेल तर खूण जबड्याच्या टोकाशी, पिन बाहेर पडली त्या बाजूला सापडेल, आणि जबड्याच्या पाठीवर अडसराने कडेकडेनेच धरल्याची अरुंद पट्टी दिसेल. मग हाताने, पाना किंवा पहार वापरून, ट्रेलर नसताना जबडा बंद करून पाहा. अडसर झटकन आणि पूर्ण आत गेला पाहिजे. रेंगाळला तर उत्तर मिळालं. या कामात बोटं खाचेत घालायची नाहीत. त्या स्प्रिंगला हाड आणि पिन यातला फरक कळत नाही.

आता लावण्याची पद्धत. ट्रेलरच्या चाकांना आधी ठोकळे लावा, ब्रेकवर विसंबू नका. घोडा ट्रेलरच्या सरळ रेषेत मागे आणा आणि प्लेटा भिडायच्या आधी थांबवा. हँडब्रेक ओढून खाली उतरा. जबडा उघडा आहे का, हँडल बाहेर ओढलेलं आहे का, प्लेट मागे झुकलेली आहे का, आणि सगळ्यांत मुख्य म्हणजे उंची. टेप लावायची रोज गरज पडत नाही. ट्रेलरच्या प्लेटचा पुढचा काठ फिफ्थ व्हीलच्या झुकलेल्या प्लेटवर बिजागरीच्या थोडा मागे येऊन टेकेल असं दिसलं पाहिजे. तो काठ प्लेटच्या वरून मोकळा जाणार असं दिसलं तर जॅक फिरवून ट्रेलर खाली घ्या. मगच सावकाश मागे या. पिन आत गेल्यावर जोराने धडक द्यायची नाही. वेगाने मागे घेतल्याने कुलूप जास्त पक्कं लागत नाही, उलट जबड्याचा गाल आणि ब्रॅकेटचे बोल्ट मार खातात.

त्यानंतर परत हँडब्रेक, इंजिन बंद, आणि टॉर्च. तीन ठिकाणी बघायचं. पहिलं, बाजूने वाकून दोन प्लेटांच्या मधोमध: पलीकडचा उजेड दिसता कामा नये. वाळूचा कण जाईल एवढी फटसुद्धा भरलेल्या ट्रेलरखाली नसावी. रिकाम्या ट्रेलरखाली प्लेट थोडी वाकडी असेल तर पुढच्या काठाला केसभर फट दिसू शकते, पण पिनेजवळ नाही. दुसरं, हँडल पूर्ण आत आणि त्याच्या भोकात साखळीचा हूक सहज जातोय. तो हूक म्हणजे मापच आहे: अडसर पूर्ण बसल्याशिवाय भोक हुकाच्या जागेवर येत नाही. हूक ठोकून बसवावा लागत असेल तर थांबा. तिसरं, ट्रेलरखाली मागच्या बाजूने खाचेत टॉर्च मारून पाहा: जबडा मानेभोवती वळलेला आणि त्याच्या खाली कड दिसली पाहिजे. कड जबड्याच्या वर दिसली, किंवा खाच रिकामी दिसली, तर कुलूप लागलेलं नाही, आवाज कितीही मोठा आलेला असो.

मग हवेचे पाइप. आधी पिवळा, नंतर लाल. लाल जोडला की ट्रेलरचे आपोआप लागलेले ब्रेक सुटतात. त्या क्षणी पिवळा जोडलेला नसेल तर ट्रेलरला ब्रेक देणारी वाट बंद असते. काढताना उलट, आधी लाल. दाब पूर्ण भरू द्या, जॅक जमिनीपासून चार बोटं वर घ्या, पूर्ण नाही. आता ट्रेलरचा हँड व्हॉल्व्ह ओढून फक्त त्याचेच ब्रेक धरा आणि पहिल्या गिअरमध्ये हलकेच पुढे ओढा, एकदा-दोनदा. जॅक एवढ्यासाठी जवळ ठेवायचे की कुलूप सुटलंच तर ट्रेलर चार बोटंच खाली येईल, चॅसीवर आदळणार नाही. ओढ झाली की जॅक पूर्ण वर, जॅकचं हँडल अडकवून, चाकांचे ठोकळे काढून मग निघायचं. टॉर्चची पाहणी आणि ही ओढ दोन्ही लागतात, कारण उंच बसलेली पिन ओढीत सापडेलच असं नाही आणि अर्धवट अडसर कधी कधी टॉर्चमध्ये सापडत नाही.

सोडताना जॅक जमिनीला टेकेपर्यंत खाली घ्या आणि त्यापुढे एखाद-दुसरा फेरा, एवढंच. हँडल घट्ट असेल तर ट्रेलर उचलू नका; घोडा किंचित मागे रेटला की जबड्यावरचा ताण सुटतो आणि हँडल हलकं होतं. घोडा पुढे काढताना पिन खाचेतून निघाली की, चॅसी अजून ट्रेलरखाली असतानाच, थोडं थांबून जॅक रुतत नाहीत ना ते पाहा.

तीन घोडे, दोन ट्रेलर असल्यामुळे तुम्हाला झिजेचाही एक वेगळा त्रास होईल. गाडी सुटताना आणि ब्रेक लागताना मागून ‘ठक्’ असा धक्का बसतो, तो पिन आणि जबड्यामधल्या खेळामुळे, म्हणजे सैलपणामुळे. बऱ्याच फिफ्थ व्हीलमध्ये हा खेळ कमी करायला अडसराच्या बाजूला ॲडजस्टिंग बोल्ट असतो. मिस्त्री जो ट्रेलर समोर असेल त्याच्या पिनेवर तो बोल्ट आवळून देतो. ती पिन झिजून ४९ मिमीवर आलेली असेल तर जबडाही तेवढा आवळला जातो. पुढच्या आठवड्यात त्याच घोड्याला ५०.८ ची नवी पिन लावली की जबडा पूर्ण मिटत नाही आणि अडसर आत जात नाही. म्हणजे खेळ काढायच्या नादात अर्धवट कुलूप तुम्हीच तयार केलंत. ॲडजस्टमेंट नेहमी चांगल्या पिनेवर, आणि आधी पिन मोजून. व्हर्नियर मानेवर दोन दिशांना लावा, गाडीच्या लांबीला आणि आडवा, कारण झीज गोल नसते. ओढ आणि रेटा येतो त्या दिशेला जास्त असते. कोणत्याही दिशेला माप ४९ मिमीपर्यंत आलं की पिन बदलायची. वरचा ७३ चा खांदा ७१ वर आला तरी तेच. पिनेवर वेल्डिंगचा थर चढवून ती खरादवर पुन्हा ५०.८ करून देणारे सापडतील. ते काम करून घेऊ नका. पिन कठीण केलेल्या पोलादाची असते, वेल्डिंगच्या उष्णतेने ती एका जागी मऊ आणि शेजारी ठिसूळ होते, आणि पुढे तुटते ती मानेत.

ग्रीसबद्दल थोडक्यात: प्लेट कोरडी पडली की वळताना स्टिअरिंग जड होतं, ट्रेलर घोड्याला ज्या दिशेला तोंड होतं त्याच दिशेला रेटत राहतो, ओल्या रस्त्यावर हे भलतंच जाणवतं. पण जुन्या ग्रीसवर नवं थापत राहणं म्हणजे रेती आत दाबणं. घोडा मोकळा झाला की आधी सगळं खरवडून काढा, जबडा आणि अडसर धुवा, मग दाबाला टिकणारं लिथियम ग्रीस प्लेटवर पसरवा आणि जबड्यात, अडसराच्या वाटेत भरा. तुमच्याकडे घोडे बदलतात, म्हणजे हे करायची संधी वारंवार मिळते. एक जोडी कायम ठेवणाऱ्यांना ती मिळत नाही आणि त्यांच्या फिफ्थ व्हीलची अवस्था सहसा जास्त वाईट असते.

आता त्या आदळलेल्या गाडीचं काय. तिला तशीच धंद्यावर काढू नका. किंगपिन बदला, मोजमापात बसत असली तरी. कडेला बसलेला मार बाहेरून दिसत नाही. पिन बोल्टाने बसवलेली असेल तर बोल्टही नवे, आणि कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या टॉर्कवर. ट्रेलरच्या प्लेटवर उभी सरळपट्टी धरून ती कुठे फुगली किंवा खोल गेली आहे का पाहा. पिनेभोवती प्लेट खाली फुगलेली असेल तर नवी पिनही तिरकी बसेल. घोड्यावर ब्रॅकेट आणि चॅसीमधले बोल्ट एकेक करून टॉर्कला तपासा, ब्रॅकेटच्या मुळाशी रंग तडकलाय का बघा, कारण तडा आधी रंगात दिसतो. जिथे ट्रेलर आदळला त्या चॅसीच्या मागच्या भागाची वरची कड आणि क्रॉस मेंबर पाहा. पाइप ताणले गेले असतील तर लाल-पिवळा दोन्ही बदला, आणि ते जोडायच्या पाम कपलिंगचे रबरही.

शिवाय तिन्ही घोड्यांची फिफ्थ व्हीलची उंची, रिकामी आणि भरलेली, एकदा सपाट काँक्रीटवर मोजून कॅबिनच्या मागच्या बाजूला रंगाने लिहून ठेवा. दोन ट्रेलरच्या जॅकवरही, प्रत्येक घोड्यासाठी ट्रेलरची प्लेट योग्य उंचीवर येते तिथे एकेक रेघ ओढा, घोड्याच्या नंबरासकट. या रेघा सपाट काँक्रीटवरच खऱ्या. मुरुमावर किंवा उतारावर ट्रेलर उभा असेल तर टेप लावावीच लागेल.